बाईंच्या निरोप समारंभात स्टेजवर वाचायची कृतज्ञता प्रार्थना: कशी लिहायची, कशी वाचायची

प्रश्न: मी जि.प. शाळेत शिक्षिका आहे, तीनच वर्षं झालीत. आमच्या मोठ्या बाई 31 मे ला रिटायर होतायत, पण मे मध्ये पोरं नसतात म्हणून कार्यक्रम 28 एप्रिललाच ठेवलाय. केंद्रप्रमुख सर म्हणाले की भाषणं तर सगळेच करतात, तुम्ही एक आभाराची प्रार्थना लिहून स्टेजवर वाचा. मी लिहिली तर तीन पानं झाली आणि ती मानपत्रासारखीच वाटतेय. सुरुवात अशी केलीय: "हे परमेश्वरा, तू आम्हाला अशा थोर बाई दिल्यास. बाई, तुम्ही आमच्यासाठी ज्ञानाचा दिवा होतात..." आणि वाचताना मला शंभर टक्के रडू येणार. काय करू?

उत्तर:

ताई, मी स्वतः रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आणि आमच्या तालुक्यात सेवापूर्तीचे कार्यक्रम म्हटलं की सूत्रसंचालन, मानपत्र, प्रार्थना हे सगळं फिरून माझ्याकडेच यायचं, अजूनही येतं. त्यामुळे तुमची तीन पानं न बघताही सांगते, लिखाण वाईट नसणार, फक्त ते दुसऱ्या वाक्यातच प्रार्थना राहिलेलं नाहीये. पहिल्या वाक्यात तुम्ही देवाशी बोलताय आणि दुसऱ्यात एकदम बाईंकडे वळलात. तिथून पुढची तीन पानं हे भाषण झालं. मानपत्र असतं बाईंना उद्देशून, आभार प्रदर्शन असतं लोकांना उद्देशून, आणि प्रार्थनेत समोर देव असतो, बाई त्यात "त्या" असतात. एवढं एकच धरून ठेवलं तरी अर्धं काम होतं.

मराठीत ही चूक लपतही नाही. देवाला आपण "तू" म्हणतो आणि बाईंना "तुम्ही". "तू दिलीस" वरून "तुम्ही होतात" वर गेलं की ऐकणाऱ्याला गाडीने रूळ बदलल्याचं लगेच कळतं, व्याकरण न शिकलेल्या माणसालाही कळतं. म्हणून लिहून झालं की पेन्सिल घ्या आणि "तुम्ही", "तुमच्या", "आपण", "आपले" जिथे जिथे बाईंसाठी आलंय तिथे गोल करा. प्रत्येक गोल म्हणजे एक भाषणाचं वाक्य. ते एक तर "त्या", "बाईंनी" असं फिरवा नाहीतर काढून मानपत्रवाल्यांना देऊन टाका, त्यांना उपयोग होईल.

दुसरं म्हणजे क्रियापदं. आभाराच्या भागात शेवटी "स" यायला पाहिजे: दिलीस, ठेवलास, पाठवलंस. हा "स" बोलता बोलता गळतो आणि "तू दिली", "तू ठेवला" असं होतं, मग स्टेजवर ते गावातल्या कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटतं. आणि मागण्याच्या भागात "ओ" यायला पाहिजे: होवो, मिळो, येवो, लाभो. म्हणजे आधी "स", नंतर "ओ". पण हा "ओ" पाचसहा वेळाच बरा वाटतो. "दीर्घायुष्य लाभो, निरोगी आयुष्य लाभो, सुखसमृद्धी लाभो" असं सलग आलं की ती व्हॉट्सॲपवरची वाढदिवसाची शुभेच्छा होते.

आभार आधी आणि मागणं नंतर हा क्रम का, तर आपल्याकडे त्याचा मोठा नमुना आहेच. पसायदान बघा, नऊ ओव्या आहेत, ज्ञानेश्वरीचं काम पुरं झाल्यावर शेवटी आलेल्या. आता हे काम तुला पोचू दे आणि मग हे दे, अशी सुरुवात आहे, आणि मागणंही स्वतःसाठी नाही, खळांची व्यंकटी सांडो इथपासून सुरू होतं. निवृत्तीच्या प्रार्थनेला याहून चपखल साचा मला तरी सापडलेला नाही: काम झालंय ते ठेवायचं, आणि मागायचं ते जास्त करून बाकीच्यांसाठी. भाषा मात्र त्यातली उचलू नका, कारण कार्यक्रमाच्या शेवटी पसायदान होणारच असेल, मग लोकांना एकच गोष्ट दोनदा ऐकल्यासारखी वाटते.

आता प्रार्थनेची खरी गंमत सांगते, जी भाषणात मिळत नाही. भाषणात प्रसंग पूर्ण सांगावा लागतो कारण ऐकणाऱ्याला तो माहीत नसतो. प्रार्थनेत ज्याच्याशी बोलताय त्याला सगळं माहीतच असतं, त्यामुळे नुसता इशारा पुरतो. बाईंनी कुठल्या पोरीचं लवकरचं लग्न थांबवलं असेल, कुणाच्या बापाची दारू सोडवायला खेटे घातले असतील, कुणाची वह्यापुस्तकं स्वतःच्या पगारातून आणली असतील, ते सगळं स्टेजवर उघड करायचं नसतं कारण ती पोरगी आणि तो बाप समोर सतरंजीवर बसलेले असतात. भाषणवाले हे हमखास करतात आणि त्या घराची मान खाली जाते. प्रार्थनेत फक्त म्हणायचं, बाई कुणासाठी किती जागल्या ते तुला माहीत आहे. ज्याचं आहे त्याला बरोबर लागतं आणि बाकीच्यांना काही कळत नाही. बाईंचं आजारपण, घरातलं दुःख, बदलीच्या वेळचा त्रास, या सगळ्याला हाच नियम.

मी खाली एक पूर्ण लिहून देते. धरून चालले की बाईंची नोकरी 34 वर्षं, तुमच्या शाळेत शेवटची 11, आणि गावातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर ते घाला, माझं ठेवू नका.

*हे परमेश्वरा,*
*चौतीस वर्षं तू आमच्या बाईंच्या हातात खडू ठेवलास,*
*त्यातली अकरा वर्षं तू आमच्या गावाला दिलीस.*
*ती कशी गेली ते सांगायला आज आम्ही उभे आहोत.*

*ज्यांनी अंगावर शेण झेललं आणि मुलींसाठी शाळा उघडली,*
*त्यांच्यामुळे तो खडू बाईंपर्यंत पोचला.*
*आधी त्यांचं ऋण आम्ही आठवतो.*

*दिवाळीनंतर गाड्या ऊसतोडीला निघायच्या,*
*तेव्हा आजीजवळ राहिलेली लेकरं तू बाईंच्या नजरेत ठेवलीस.*
*आम्ही चुकलो तेव्हा त्यांच्या हातात लाल पेन दिलंस,*
*आणि त्याच पेनाने बरोबर उत्तर लिहून द्यायचा धीरही दिलास.*
*बाई कुणासाठी किती जागल्या, कुणासाठी काय बोलून घेतलं,*
*आम्हाला थोडं माहीत आहे, तुला सगळं माहीत आहे.*
*त्या सगळ्यासाठी, देवा, आम्ही कृतज्ञ आहोत.*

*बाईंच्या घरच्यांनी त्यांची वाट बघितली,*
*त्यांचा वेळ आम्ही घेतला.*
*तो आता त्यांना परत मिळो.*

*आता थोडं मागतो.*
*बाईंच्या जागी जो कुणी येईल,*
*त्याला आमची नावं लवकर पाठ होवोत.*
*शाळेबाहेर राहिलेलं लेकरू शाळेत येवो.*
*बाई ज्याला रागावल्या त्याच्या मनात काही न राहो.*
*आमच्यातला एखादा कधी तरी खडू हातात घेवो.*
*आणि बाईंना सकाळी उशिरा उठायची सवय लागो.*

*हीच आमची प्रार्थना.*

दीडशेच्या आसपास शब्द आहेत. साधं भाषण माणूस मिनिटाला शंभराच्या पुढे शब्द बोलतो पण प्रार्थना साठसत्तरवरच ठेवायची, म्हणजे ही सव्वादोन ते अडीच मिनिटं चालेल. तीन मिनिटांच्या पुढे गेलं की मागची माणसं चुळबुळ करतात आणि लहान पोरं उठतात. तुमची तीन पानं सात-आठ मिनिटं जातील हे लक्षात घ्या.

यातल्या काही ओळींबद्दल सांगते म्हणजे तुमची लिहिताना उपयोग होईल. शेण झेलल्याची ओळ सावित्रीबाईंची आहे हे पोरांनाही कळतं, पुण्यात भिडेवाड्यात 1848 साली मुलींची शाळा सुरू झाली हे त्यांच्या धड्यात असतंच, म्हणून नाव घातलं नाही. नाव घातलं की मागून कुणीतरी घोषणा देतं आणि प्रार्थना तुटते. दुसरं, तिथे आभार देवाचे नाहीत, माणसांचे आहेत, आणि मला ते तसंच हवं होतं.

लाल पेनाची ओळ ही बाईंच्या खऱ्या सवयीची असली पाहिजे. प्रत्येक बाईंची एक सवय असते जी सगळ्या शाळेला माहीत असते: कुणी चुकीच्या उत्तरावर फुली न मारता शेजारी बरोबर उत्तर लिहितं, कुणी गैरहजर पोराच्या घरी जाऊन हाक मारतं, कुणी खिचडी आधी स्वतः चाखून बघतं. ती शोधा. "ज्ञानाचा दिवा", "शिल्पकार", "वटवृक्ष", "मेणबत्तीसारख्या झिजल्या" हे सगळं काढा, हे कुठल्याही बाईंना चालतं म्हणूनच तुमच्या बाईंचं नाही. मेणबत्ती तर मुळीच नको, ती शेवटी संपते.

यावरूनच पुढचा मुद्दा, आणि हा मी ठेच लागून शिकलेय. निरोपाची प्रार्थना आणि श्रद्धांजली यांच्यात मराठीत फार पातळ पडदा आहे. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात मी माईकवर म्हणून बसले की "प्रार्थनेसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया", आणि सगळे उभे राहिल्यावर मागून एका आजींचा आवाज आला, "अगं बाई, कोण गेलं?" सत्कारमूर्ती स्वतःच हसत सुटल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून मी लोकांना बसूनच ऐकायला सांगते. "स्तब्ध", "शांतता पाळूया", "स्मृती", "चिरविश्रांती", "आठवणी मागे ठेवून" हे शब्द गाळते. "बाई होत्या", "बाई शिकवायच्या" असा भूतकाळही सांभाळून वापरा, "बाईंनी शिकवलं" चालतं, "बाई प्रेमळ होत्या" चालत नाही, त्या समोर बसल्यात आणि अजून प्रेमळ आहेत. मागच्या फ्लेक्सवर बाईंचा मोठा फोटो असेल तर त्याच्यापुढे समई आणि फुलं ठेवू देऊ नका, मंडपवाले सवयीने ठेवतात.

तुमच्या बाबतीत अजून एक बारीक गोष्ट आहे. कार्यक्रम 28 एप्रिलला आहे आणि निवृत्ती 31 मे ला, म्हणजे त्या दिवशी बाई नोकरीतच आहेत. निकालपत्रकं, दाखले, चार्ज देणं सगळं अजून व्हायचंय. त्यामुळे "निवृत्त झाल्या" म्हणू नका, "सेवा पूर्ण होत आहे" असं म्हणा. (31 मे ला इतके शिक्षक एकदम रिटायर का होतात याचं उत्तर गावाकडच्या सगळ्यांना माहीत आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख 1 जून लिहिली. महिन्याच्या एक तारखेला जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, आणि वय 58. आम्ही अर्धा तालुका 1 जूनचे.)

शेवटची उशिरा उठायची ओळ मुद्दाम हलकी आहे. त्याआधीच्या ओळींनी लोकांचे घसे दाटलेले असतात, तिथे एक हसू आलं की वाचणाऱ्यालाही श्वास मिळतो आणि बाईही मोकळ्या होतात. पण असं एकदाच. दोन विनोद झाले की तो एकपात्री प्रयोग होतो.

"परमेश्वरा" या शब्दाचंही बघून घ्या. गावात सगळ्या धर्माची घरं असतात आणि सरकारी शाळेच्या स्टेजवर एकाच देवाचं नाव घेणं बरं नाही, म्हणून मी "परमेश्वरा" किंवा नुसतं "देवा" वापरते, कुठला ते ज्याने त्याने ठरवावं. मात्र बाई किंवा गावातली बरीच मंडळी बौद्ध असतील तर देवाकडे मागणं ही गोष्टच त्यांची नाही, तिथे पहिली ओळ "आज आम्ही सगळे मिळून म्हणतो" अशी करा, "तू दिलीस" च्या जागी "आम्हाला मिळालं" करा आणि "देवा" व "तुला सगळं माहीत आहे" काढा, बाकी तसंच राहतं. ख्रिस्ती बाईंसाठी एकदा लिहिली होती तेव्हा त्यांनाच विचारलं, त्या म्हणाल्या शेवटी आमेन मी मनात म्हणेन, तुम्ही तुमचं नेहमीसारखं वाचा. विचारलं की सोपं होतं, आणि विचारलं नाही की कार्यक्रमानंतर ऐकायला मिळतं.

आता कार्यक्रमात ही कुठे ठेवायची. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, मानपत्र, मनोगतं, मग बाईंचं मनोगत, अध्यक्षीय, आभार, पसायदान किंवा राष्ट्रगीत असा क्रम साधारण असतो. सुरुवातीला ठेवली तर पाहुणे यायचेच असतात आणि ईशस्तवनाला ती चिकटते. शेवटी ठेवली तर जेवणाच्या पंक्तीची भांडी वाजायला लागलेली असतात. बाईंच्या मनोगतानंतर तर अजिबात नको, त्या बोलून बसल्या की लोकांना टाळ्या वाजवायच्या असतात, डोळे पुसायचे असतात, तिथे तुम्ही कागद घेऊन उभ्या राहिलात की दोघींचंही बिघडतं. माझ्या मते जागा एकच: बाकीच्यांची मनोगतं संपल्यावर, बाई बोलायला उठायच्या लगेच आधी. प्रार्थना संपते, क्षणभर सगळं गप्प असतं आणि त्या गप्पपणात बाई उठतात. पोरांना आदल्या दोनतीन दिवसांच्या परिपाठात सांगून ठेवा की ताईंचं वाचून झालं की टाळ्या नाहीत, नाहीतर सवयीने वाजतातच.

रडण्याबद्दल. रडू सगळ्या प्रार्थनेला येत नाही, ते एका ठरावीक ओळीला येतं. घरी मोठ्याने सातआठ वेळा वाचा, घसा कुठे अडकतो ते कळेल. मला वाटतं तुमचा "आजीजवळ राहिलेली लेकरं" इथे अडकेल, किंवा बाईंच्या घरच्यांच्या ओळीला. त्या ओळीच्या आधी कागदावर दोन ओळी रिकाम्या सोडा, तिथे थांबून नाकाने श्वास घ्यायचा आणि मगच पुढे. थांबलेलं लोकांना वाईट दिसत नाही, कापऱ्या आवाजात रेटलेलं कळत नाही. वाचताना बाईंकडे बघू नका, एकदाही, कागद आणि फार तर शेवटच्या रांगेच्या डोक्यांवरची भिंत. एवढं करूनही भरवसा वाटत नसेल तर घरच्यांचं ते एक कडवं सातवीच्या एखाद्या धीट पोरीला वाचायला द्या, तिला दुसरी कॉपी द्या, आणि तुमचा आवाज गेलाच तर ती पुढचं सगळं वाचेल असं आधीच ठरवून ठेवा. गंमत म्हणजे असं ठरवलेलं असलं की सहसा आवाज जात नाही.

मोबाईलवर बघून वाचू नका, नेमका फोन येतो किंवा स्क्रीन बंद होते. कागदावर एकाच बाजूला, अक्षर 18 ते 20 साइझचं, एक श्वास म्हणजे एक ओळ, आणि कागद पुठ्ठ्याला क्लिप लावून, एप्रिलमध्ये संध्याकाळी वारं सुटतं आणि मोकळा कागद माईकवर फडफडतो. माईक तोंडापासून चार बोटं आणि थोडा खाली, "परमेश्वरा" आणि "पेन" मधला "प" फटकन फुटतो तो मग फुटत नाही. सुरुवातीला "नमस्कार, व्यासपीठावरील मान्यवर" नाही आणि शेवटी "धन्यवाद, जय हिंद" नाही. सूत्रसंचालकाने फक्त "आता बसूनच एक प्रार्थना ऐकूया" एवढं म्हणायचं, बाकी काही नाही, त्यांना हे लिहूनच द्या कारण सूत्रसंचालकांना चारोळी घालायचा मोह होतो, मीच घालायचे.

आणि वाचायच्या आधी मजकूर दोघांना दाखवा. आकडे तपासायला बाईंचं सेवापुस्तक ज्यांनी बघितलंय त्या मुख्याध्यापकांना, कारण मी एकदा "अकरा वर्षं" वाचलं आणि पहिल्या रांगेतून बाईच म्हणाल्या "बारा". आणि दुसऱ्या म्हणजे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना. बाई कुणासाठी जागल्या आणि कशावर रागावल्या हे त्यांना सगळ्या स्टाफपेक्षा जास्त माहीत असतं, एखादी ओळ खोटी असेल तर त्या ऐकताना नुसत्या गप्प बसतील, ती ओळ काढून टाका.